280 अँपिअरची केबल 145 वर कशी येते?

केबल कंपनीच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक जाडीसमोर अँपिअरचा एक आकडा असतो. पान उलटलं की लगेच तो आकडा कमी करायचे तीन तक्ते येतात. पहिला तापमानाचा, दुसरा शेजारच्या केबलींचा, तिसरा मातीचा. प्रत्येक तक्त्यातून 0.87, 0.74, 0.81 असा गुणक उचलायचा आणि मूळ आकड्याला गुणत जायचं. याला डीरेटिंग म्हणतात. हे गुणक आले कुठून, याचा शोध घेतला तर वाट शेवटी मुंबईत जन्मलेल्या एका माणसापाशी पोहोचते.

आर्थर एडविन केनेली यांचा जन्म 17 डिसेंबर 1861 रोजी कुलाब्यात झाला. वडील आयरिश, मुंबई बंदरावर अधिकारी. आर्थर लहानपणीच युरोपात गेले, कोवळ्या वयात तार कंपनीत चिकटले, समुद्रातल्या तारांचं काम शिकले आणि 1887 मध्ये अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्या वेळी घरोघरी वीज पोहोचू लागली होती. तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीत बसवलेल्या असत, आणि तार किती तापली तर लाकूड पेटेल ही विमा कंपन्यांची चिंता होती. केनेलींनी लाकडी पट्टीतल्या तारांमधून प्रवाह सोडून त्यांचं तापणं मोजलं. 1889 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

पण शहराची वीज लाकडी पट्टीतून नव्हे, रस्त्याखालून जात होती. हवेतली तार आजूबाजूच्या हवेला उष्णता देते आणि ती गरम हवा वर निघून जाते. जमिनीतल्या केबलला ती सोय नाही. तिची उष्णता मातीतून वाट काढत वर पृष्ठभागापर्यंत जाते आणि तिथून हवेत सुटते. हा मार्ग किती कठीण आहे, हे मोजायचं कसं? केबल गोल, जमीन सपाट, माती चहूबाजूंना पसरलेली. सरळ गणित जमत नव्हतं.

केनेलींनी 1893 मध्ये या अडचणीवर एक युक्ती लावली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी 1840च्या दशकात विद्युतभारांच्या गणितात प्रतिमेची पद्धत आणली होती. केनेलींनी ती उष्णतेला लावली. जमिनीचा पृष्ठभाग सगळीकडे एकाच तापमानाला आहे असं धरायचं. केबल जमिनीखाली जितकी खोल आहे, तितक्याच उंचीवर जमिनीच्या वर एक काल्पनिक केबल आहे असं मानायचं. खरी केबल जितकी उष्णता सोडते, तितकीच ही काल्पनिक केबल शोषून घेते. दोघींचा परिणाम एकत्र केला की पृष्ठभागाचं तापमान आपोआप सगळीकडे सारखं राहतं, आणि मधल्या मातीतल्या कुठल्याही बिंदूचं तापमान एका लॉगरिदममध्ये मिळतं. त्यातूनच मातीचा विरोध निघतो:

T = (ρ/2π) · ln(4L/D)

T म्हणजे केबलभोवतालच्या मातीचा उष्णतेला होणारा एकूण विरोध, L खोली, D केबलचा व्यास आणि ρ त्या मातीची औष्णिक रोधकता. पृष्ठभागाचं तापमान सगळीकडे सारखं हे गृहीतक आजही केनेलींच्याच नावाने ओळखलं जातं.

या सूत्रात डीरेटिंगचे दोन तक्ते दडलेले आहेत. ρ वाढला तर T वाढतो, हा मातीचा तक्ता. शेजारी दुसरी केबल आली की तिचीही उष्णता आणि तिच्या प्रतिमेचीही ओढ पहिलीच्या तापमानात मिसळते, हा गर्दीचा तक्ता. उरलेला तापमानाचा तक्ता त्याहून सोपा. पीव्हीसी केबलच्या तारेला 70 अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. जमीन 30 अंशांची असेल तर तापायला 40 अंश शिल्लक राहतात, जमीन 40ची असेल तर 30. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे गुणक होतो 30/40 चं वर्गमूळ, म्हणजे 0.87. तक्त्यातला आकडा हाच.

सूत्र हाती आलं तरी त्यातला ρ किती धरायचा, हा प्रश्न उरला. 1920च्या दशकात ब्रिटनमध्ये गाडलेल्या केबलींच्या तापण्यावर अभ्यास झाले, अहवाल निघाले. हळूहळू प्रत्येक देशाने आपल्या हवामानाप्रमाणे पायाभूत परिस्थिती ठरवली. ब्रिटिश तक्त्यांत जमीन 15 अंशांची आणि ρ 1.2. भारताच्या आयएस 3961 या मानकाने जमीन 30 अंश, हवा 40 अंश आणि ρ 150 अंश-सेंटिमीटर प्रति वॅट, म्हणजे 1.5 अंश-मीटर प्रति वॅट धरला. त्यामुळे ब्रिटिश कॅटलॉगमधला अँपिअरचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही, आणि इथला आकडाही इथे सगळीकडे चालत नाही.

1957 मध्ये फिलाडेल्फियाच्या वीज कंपनीतले जे. एच. नेहर आणि जनरल केबल कंपनीतले एम. एच. मॅकग्रा यांनी आधीची ही सगळी सूत्रं एका शोधनिबंधात सलग बांधली. त्यात त्यांनी दिवसभरात लोड किती वेळ चढा राहतो याचाही हिशेब घातला, कारण माती संथ तापते आणि संथ निवते. चार तासांचा जादा लोड आणि आठवडाभराचा जादा लोड तिला सारखा नसतो. पुढे 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, आजचं आयईसी 60287. तरी साइटवरच्या माणसाच्या हाती राहिले ते तीन तक्तेच. स्लाइड रूलच्या काळात प्रत्येक खड्ड्यासाठी लॉगरिदम मांडत बसणं कुणाला परवडत नव्हतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून गुणक काढायचे आणि शेवटी गुणाकार करायचा, ही त्यावरची तडजोड होती.

ही तडजोड कितपत चालते, ते एका उदाहरणात पाहू. साडेतीन कोर, 240 स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियमची पीव्हीसी आर्मर्ड केबल घेऊ. तक्त्यात तिला जमिनीत 280 अँपिअर दिले आहेत असं समजू. व्यास साधारण 55 मिलिमीटर, खोली 75 सेंटिमीटर. सूत्राप्रमाणे ρ 1.5 असताना मातीचा विरोध येतो 0.95 च्या आसपास. केबलच्या आतला इन्सुलेशन वगैरेंचा विरोध 0.25 धरला तर एकूण 1.2. एवढ्या वाटेने 40 अंशांच्या फरकावर मीटरमागे साधारण 33 वॅट उष्णता बाहेर जाऊ शकते.

आता अशाच तीन केबली एका चरात 20 सेंटिमीटर अंतरावर टाकल्या. मधलीला दोन शेजारणींचा मिळून आणखी 0.97 चा भार बसतो. एकूण विरोध 2.17 होतो आणि गुणक 0.74. माती उन्हाळ्यात कोरडी पडून ρ 2.5 वर गेला तर एकट्या केबलसाठी मातीचा गुणक 0.81. जमीन 40 अंशांची झाली तर 0.87. तिघांचा गुणाकार सुमारे 0.52, म्हणजे 280 चे झाले साधारण 146 अँपिअर. तक्ते बाजूला ठेवून पूर्ण सूत्रानेच हिशेब केला तर येतात 143, कारण कोरड्या मातीत शेजारणींचा त्रासही वाढतो आणि गर्दीच्या तक्त्याला तो कळत नाही. तडजोडीची चूक इथे दोन टक्के आहे. चर अधिक गच्च असला किंवा माती अधिक खराब असली तर ती वाढते.

आणि तक्ते कुणी पाहिलेच नाहीत तर? तिन्ही केबलींतून 200 अँपिअर सोडले, तर कॅटलॉगच्या 280 पेक्षा ते कितीतरी कमी दिसतात. पण याच मातीत मधल्या केबलची तार शंभर अंशांच्या घरात जाते. ब्रेकर पडत नाही, कारण त्याच्या लेखी प्रवाह मर्यादेत असतो. मेगरवर रीडिंगही काही काळ बरी येते. वर्षानुवर्षं तापून पीव्हीसी मात्र कडक आणि ठिसूळ होतं, आणि पहिला फॉल्ट बहुतेक जॉइंटमध्ये निघतो. चर उघडला की कडेच्या केबली धड आणि मधलीचं आवरण वाकवताच तडकतं, यावरून खरं कारण ओळखता येतं.

सगळ्यात बेभरवशाचा आकडा मातीचाच. ओल्या चिकण मातीचा ρ एकच्या आसपास असतो, सुकलेल्या एकसारख्या वाळूचा अडीचच्या वर जातो. शिवाय केबल स्वतःच भोवतालचं पाणी दूर ढकलते, म्हणजे ती जितकी तापते तितकी तिची वाट कठीण होत जाते. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीत आणखी एक भानगड आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, आणि केबल व माती यांच्यात हवेची फट राहते. हवा ही मातीहूनही वाईट उष्णतावाहक. केबलभोवती घातलेली नदीची धुतलेली, एकसारख्या कणांची वाळू दगडांपासून बचाव करते खरी, पण कोरडी पडली की उष्णताही अडवते. म्हणून महत्त्वाच्या केबलींना बारीक-जाड कणांचं मिश्रण किंवा थोडं सिमेंट मिसळलेली वाळू घट्ट ठोकून घालतात.

ρ अंदाजाने धरायची गरज नाही, तो मोजता येतो. हीटर आणि तापमापक असलेली लांब सुई केबलच्या खोलीपर्यंत मातीत खुपसतात आणि मीटरमागे ठराविक वॅट सोडतात. समजा 20 वॅट सोडले आणि शंभराव्या सेकंदापासून हजाराव्या सेकंदापर्यंत सुईचं तापमान 5.5 अंशांनी चढलं. 4π गुणिले 5.5, भागिले 20, भागिले ln 10, असं केलं की उत्तर येतं 1.5. मात्र पावसाळ्यानंतर घेतलेलं मोजमाप मे महिन्याचा निकाल सांगत नाही. म्हणून मातीचा नमुना प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने सुकवून, कुठल्या ओलाव्याखाली ρ उसळी घेतो तेही पाहतात.

मातीचा ρ चुकीचा धरला तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणजे न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर. 1998 चा उन्हाळा कडक होता. शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या 110 केव्हीच्या चार केबली होत्या. पहिली 22 जानेवारीला गेली, दुसरी 9 फेब्रुवारीला. उरलेल्या दोघींवर लोड वाढला आणि त्या 19 व 20 फेब्रुवारीला गेल्या. शहराचा मध्यभाग सुमारे पाच आठवडे नेहमीच्या विजेविना राहिला. चौकशीत पुढे आलेल्या गोष्टींपैकी एक अशी होती की केबलभोवतालच्या भरावाची औष्णिक रोधकता गृहीत धरल्यापेक्षा जास्त होती, त्यामुळे केबलींची खरी क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी होती.

त्यानंतर ऑकलंडने पेनरोजपासून शहरापर्यंत सुमारे 9 किलोमीटरचा बोगदा खणून त्यात केबली नेल्या. तिथे केबल मातीत पुरलेली नाही, त्यामुळे मातीचा तक्ता लागत नाही. बाकीचे दोन लागतात, कारण केबली एकमेकींशेजारीच आहेत आणि पंख्यांनी आत ओढलेली हवा बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तापलेली असते.