जामित्रावरचा हर्षल

2014 सालच्या उन्हाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी पत्रिका घेऊन आमच्याकडे आली. आम्ही ज्योतिषी नाही. पण पदव्युत्तर वर्गात प्राचीन ग्रंथ शिकवणाऱ्याला पंचांगही कळत असणार, असा समज आपल्याकडे आहे. तिचे लग्न ठरले होते. घरच्या ज्योतिषांनी मात्र सांगितले होते, की हर्षल सप्तमाच्या आरंभबिंदूवरून जातो आहे, मार्च 2015 पर्यंत थांबा, नाहीतर जे जुळले आहे ते अचानक तुटेल. तिचा प्रश्न साधा होता. मंगळ आणि शनी तिने ऐकले होते. हा हर्षल कुठून आला?

आधी हा बिंदू समजून घेऊ. जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा बिंदू म्हणजे लग्न. त्याच क्षणी पश्चिम क्षितिजावर जो मावळत असतो तो त्याच्या बरोबर 180 अंशांवर असतो. तिथून पाश्चात्त्य पद्धतीत सातवे स्थान, म्हणजे जोडीदाराचे घर, सुरू होते. वराहमिहिर या सातव्या स्थानाला ‘द्यून’ आणि ‘जामित्र’ म्हणतो. दोन्ही शब्द मुळात ग्रीक आहेत, हे अभ्यासक मान्य करतात: पहिल्याचा अर्थ ‘मावळणारे’, दुसऱ्याचा ‘व्यास’, म्हणजे समोरासमोरची दोन टोके. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गाच्या आरंभीच शिवपार्वतीच्या विवाहमुहूर्तासाठी हाच जामित्र शब्द योजला आहे. आपल्या विवाहविचाराच्या केंद्रस्थानीच असा एक परदेशी पाहुणा इतकी शतके सुखाने नांदतो आहे. हर्षल हा त्याच्या भेटीला फार उशिरा आलेला दुसरा पाहुणा.

13 मार्च 1781 रोजी इंग्लंडमधील बाथ येथे विल्यम हर्शेलला हा ग्रह दुर्बिणीतून दिसला. त्याने त्याला राजा जॉर्जचे नाव दिले, लालांद या फ्रेंच ज्योतिर्विदाने हर्शेलचे नाव सुचवले आणि बोडे या जर्मनाने युरेनस हे नाव काढले. ब्रिटिशांच्या सरकारी पंचांगात युरेनस 1850 च्या सुमारास रूढ झाले. इंग्रजी फलज्योतिषाच्या पुस्तकांत मात्र हर्शेल हे नाव पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले. मराठीने उचलले ते तेच. म्हणजे हा ग्रह आपल्याकडे वेधशाळेच्या दारातून न येता फलादेशाच्या पुस्तकांतून आला, असे आम्हांला त्याच्या नावावरूनच वाटते. (ज्याच्या नावात ‘हर्ष’ ऐकू येतो त्यानेच घरे मोडावीत, हा मराठीने केलेला नकळत विनोद.) वेंकटेश बापूजी केतकरांनी 1911 साली नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे गणित फ्रान्समधील खगोलसंस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली, पण तो गणिताचा मार्ग वेगळा होता. तिथे लग्न मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

आता मुख्य प्रश्न: ‘अचानक’ हे फळ हर्षलला कोणी दिले? शनीपर्यंतच्या ग्रहांची फळे प्राचीन ग्रंथांत आहेत. याचे एकही वचन असणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज ज्योतिषांनी ते रचले, आणि रचताना त्यांच्यासमोर विवाहांच्या नोंदी नव्हत्या, ग्रहाचा इतिहास होता. शनी ही सृष्टीची शेवटची वेस मानली जाई. तिच्यापलीकडे कोणाच्या ध्यानीमनी नसताना हा सापडला. त्याच्या मागेपुढे अमेरिकेची आणि फ्रान्सची क्रांती झाली. त्यातून अनपेक्षितता, बंड आणि वेस ओलांडणे हे गुण त्याला चिकटले. रिचर्ड टार्नास या अमेरिकन अभ्यासकाने पुढे दाखवून दिले, की ग्रीक पुराणातला युरेनस बदलाला विरोध करणारा बाप आहे. ज्योतिषांनी सांगितलेले गुण प्रॉमिथ्यूसला शोभतात. म्हणजे फळ नावावरूनही आलेले नाही. ते शोधाच्या काळावरून आले आहे. नेपच्यून (1846) आणि प्लूटो (1930) यांना याच रीतीने अनुक्रमे भ्रम आणि उलथापालथ मिळाली. ते इतके मंद आहेत, की त्यांच्या बाबतीत ‘अचानक’ म्हणजे बराच काळ मुरलेले एकदम वर येणे, असा खुलासा करावा लागतो.

या गुणाची गाठ सप्तमाशी पडली की वाक्य आपोआप तयार होते: जोडीदाराच्या घराच्या उंबऱ्यावर बंडखोर आला. लिझ ग्रीन यांच्यासारख्या विसाव्या शतकातील लेखिकांनी त्यावर युंगचे मानसशास्त्र चढवले. स्वतःतली जी मोकळीक माणूस नाकारतो ती त्याला समोरच्यात भेटते, म्हणून तो म्हणतो ‘ती एकाएकी निघून गेली’. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे वाचन मोहक वाटेल, आम्हांलाही वाटते.

पण निघून जाण्यासाठी दार असावे लागते. जुने ग्रंथ सप्तमावरून वैधव्य सांगतात, द्विभार्यायोग सांगतात. अनेक जातींत काडीमोड होती, पाट होता. पुण्यातील ज्या पांढरपेशा घरांत पत्रिका काटेकोरपणे जुळवल्या जात तिथे ही सोय नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला तो 1947 साली, आणि देशभरासाठी 1955 साली. बायको किंवा नवरा आपल्या मर्जीने संसार सोडू शकतो ही शक्यता खरी झाली, तेव्हाच हर्षलच्या या फळाला आपल्याकडे काही काम मिळाले, असे आम्हांला वाटते. मंगळ मृत्यूची भीती घालतो. हर्षल स्वातंत्र्याची घालतो.

परत विद्यार्थिनीच्या पत्रिकेकडे. तिचा सप्तमारंभ सायन मेषेच्या 15 अंशांवर होता. हर्षल वर्षाला सुमारे सव्वाचार अंश चालतो, मध्ये वक्री होतो, म्हणून एकाच अंशावरून बहुधा तीनदा जातो: इथे मे 2014, सप्टेंबरअखेर आणि मार्च 2015. ज्योतिषांचे गणित अचूक होते. सायन-निरयनाचा वादही इथे गौण आहे, कारण दोन्ही स्थाने सारखीच सरकतात; तिच्या वयाच्या 26 वर्षांत अयनचलनाचा फरक 22 कला, म्हणजे हर्षलच्या चालीने महिनाभराचा.

खरी अडचण जन्मवेळेची. मावळतीचा बिंदू सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतो, आणि एक अंश म्हणजे हर्षलचे जवळजवळ तीन महिने. शिवाय फेरी 84 वर्षांची. दीर्घायुषी माणसाच्या सप्तमारंभावरून तो एकदा जातोच, संसार मोडो वा टिको. मोडलेल्यांच्याच पत्रिका पाहिल्या तर तो तिथे हमखास सापडत जातो. टिकलेल्यांच्या कोणी उघडत नाही. असा पक्षपात टाळून कसोटी कशी घ्यावी याचा नमुना पुण्यातच झाला आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळख लपवून 27 ज्योतिषांना दिल्या. अचूक उत्तरे 46 टक्के निघाली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. निष्कर्ष 2009 साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. ती कसोटी बुद्धीची होती, विवाहाची नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आम्ही तिला एवढेच विचारले, की जन्मवेळ कुणी सांगितली? आजीने, ती म्हणाली. घरी जाऊन तिने इस्पितळाचे जुने कार्ड शोधले. त्यावरची वेळ वीस मिनिटे पुढची होती. त्या वेळेने सप्तमारंभ मेषेच्या 20 अंशांवर गेला आणि हर्षलचे येणेजाणे जून 2015 ते एप्रिल 2016 या काळात पडले. ज्योतिषांनी सुचवलेला निर्धोक मुहूर्त त्याच्या ऐन तोंडावर होता. डिसेंबर 2014 मध्ये तिने लग्न केले. कोणत्या वेळेला मान दिला, ते आम्ही विचारले नाही.