गाळलेला श्वास: जम्प कटची गोष्ट

कॅमेऱ्यासमोर बसून बोलणाऱ्या माणसाचे व्हिडिओ तुम्ही रोज पाहता. त्यात दर दोन-तीन सेकंदांनी चेहरा किंचित उडी मारतो आणि बोलणं मात्र न थांबता पुढे जातं. याला जम्प कट म्हणतात. मी असे व्हिडिओ कापण्याचं काम करतो. ही उडी आली कुठून, हे आज सांगायचं आहे. या गोष्टीची सुरुवात पडद्यावर झाली नाही, ध्वनिफितीवर झाली.

चुंबकीय फीत वापरणारं जर्मन कंपनी एईजीचं मॅग्नेटोफोन हे यंत्र 1935 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आलं. युद्धानंतर जॅक मलिन या अभियंत्याने अशी दोन यंत्रं अमेरिकेत नेली, आणि 1947 मध्ये बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम फितीवर ध्वनिमुद्रित होऊन, कापून-जोडून तयार होऊ लागला. सेकंदाला 15 इंच या वेगाने फीत धावते, म्हणजे एका सेकंदाचं बोलणं 38 सेंटिमीटर लांब असतं. अर्ध्या सेकंदाचा 'अं' म्हणजे बोटांत धरता येईल असा 19 सेंटिमीटरचा तुकडा. संपादक फीत हाताने मागेपुढे सरकवून आवाजाची सुरुवात शोधायचा, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचा आणि ब्लेडने कापायचा.

हा काप सरळ नसायचा, तिरका असायचा, बहुधा 45 अंशांचा. पाव इंच रुंद फितीवर तिरका काप दिला की जुना आवाज सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात मावळतो आणि तेवढ्यातच नवा उगवतो, त्यामुळे जोडाजवळ 'टक्' ऐकू येत नाही. आज संगणकावर आपण प्रत्येक कापावर छोटा क्रॉसफेड टाकतो, तो या तिरक्या कापाचाच वारस.

रेडिओत हे चालून गेलं, कारण कानाला काप कळत नव्हता. चित्र आलं आणि अडचण झाली. बोलणाऱ्याचे दोन सेकंद गाळले की त्याची मान एकदम दुसरीकडे दिसायची. दूरचित्रवाणीच्या बातम्यांत यावर पांघरूण घातलं गेलं. कापाच्या जागी बोलणाऱ्याचे हात, टेबलावरचे कागद किंवा मान डोलवणारा वार्ताहर दाखवायचा. ब्रिटनमध्ये या मान डोलवण्याला 'नॉडी' म्हणत, आणि ती अनेकदा मुलाखत संपल्यावर वेगळी चित्रित केलेली असायची. प्रेक्षकाला वाटायचं, सगळं सलग घडलं.

सिनेमात ही उडी गाजली ती 1960 च्या गोदारच्या 'आ बू द सूफ्ल' या चित्रपटामुळे. चित्रपट ठरल्यापेक्षा बराच लांब झाला होता. गोदारने अख्खे प्रसंग काढण्याऐवजी प्रसंगांच्या आतूनच तुकडे काढले. उघड्या मोटारीत जीन सीबर्ग मागून दिसते आणि तिच्या मागचं पॅरिस उड्या मारत बदलतं. पण त्या प्रसंगात बोलणं चालूच राहतं, तुटतं ते चित्र. आपल्या व्हिडिओंत कात्री आधी बोलण्यावर चालते आणि चित्र तिच्यामागे फरफटत जातं. म्हणून मी आजच्या जम्प कटला गोदारपेक्षा त्या ब्लेडवाल्या रेडिओ संपादकाच्या जवळचा मानतो.

यूट्यूब 2005 साली सुरू झालं. 2006 च्या मार्चमध्ये झी फ्रँकने स्वतःच्या संकेतस्थळावर वर्षभराचा रोजचा कार्यक्रम सुरू केला. कॅमेऱ्याला चिकटलेला चेहरा आणि मधले श्वाससुद्धा काढलेलं बोलणं, अशी त्याची धाटणी होती. 2007 च्या 1 जानेवारीपासून जॉन आणि हँक ग्रीन या भावांनी एकमेकांना व्हिडिओपत्रं पाठवायला सुरुवात केली आणि ती धाटणी घराघरांत पोचली. या मंडळींकडे दुसरा कॅमेरा नव्हता, मान डोलवणारा वार्ताहरही नव्हता. त्यांनी काप झाकलाच नाही. योगायोग असा की त्याच 2007 मध्ये ब्रिटनच्या फाइव्ह न्यूजने नॉडी बंद करायचं ठरवलं, कारण प्रेक्षकांच्या विश्वासाचा प्रश्न उभा राहिला होता.

आता एक वाक्य कापून पाहू. बोलणारी म्हणते, "आमच्या गावात… अं… म्हणजे… पाणी यायचं तीन दिवसांनी." 'गावात' संपल्यापासून 'पाणी' सुरू होईपर्यंत तीन सेकंद गेले, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम या हिशेबाने 75 फ्रेम. सगळ्या काढल्या तर 'गावातपाणी' असा एकच शब्द ऐकू येईल. मी 'गावात'नंतर 3 फ्रेम ठेवतो आणि 'पाणी'च्या आधी 5. मधल्या 67 जातात, साधारण पाव ते एक तृतीयांश सेकंदाची उसंत उरते आणि वाक्य माणसाचं वाटतं.

पण कधीकधी तेवढ्याने भागत नाही. अडखळणारा माणूस 'अं'च्या आधीचा शब्दही लांबवतो, "गावाऽऽत" म्हणतो. 'अं' काढला तरी तो लांबलेला स्वर मागे राहतो आणि कानाला काहीतरी चोरीला गेल्याचं कळतं. अशा वेळी मी 'अं' राहू देतो. श्वासाचंही तसंच आहे. अर्धा कापलेला श्वास किंवा लागोपाठ दोन श्वास ऐकू आले की काप उघडा पडतो. श्वास पूर्ण ठेवावा नाहीतर पूर्ण काढावा.

शांतता शोधून आपोआप कापणारी साधनं मराठीत दोन ठिकाणी हमखास फसतात. 'अप्पा', 'पट्टा' यांसारख्या शब्दांत जोडाक्षराआधी ओठ किंवा जीभ क्षणभर हवा अडवते. ती शब्दाच्या पोटातली शांतता आहे, पण मर्यादा फार कडक ठेवली तर साधन तिलाच विराम समजतं. दुसरं, 'आहे' शेवटी हळू होत जातं आणि त्यातला 'हे' गिळला जातो. म्हणून अशा साधनाने कापलेलं एकदा डोळे मिटून ऐकावं.

चित्राचा नियम उलटा आहे. मान दोन बोटं सरकली तर धक्का बसतो, बरीच सरकली तर दुसरा शॉट वाटतो. म्हणून कापानंतर चौकट पंधरा-वीस टक्के जवळ नेतात. पण प्रत्येक कापाला तसं केलं की चेहरा श्वास घेतल्यासारखा मागेपुढे होत राहतो, म्हणून ते नव्या मुद्द्यापुरतंच ठेवावं.

राहिला प्रश्न अर्थाचा. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी 2002 साली मांडलं की इंग्रजीतले असे उद्गार म्हणजे नुसता कचरा नसतो, 'थांबा, पुढचं येतंय' अशी ती ऐकणाऱ्याला दिलेली सूचना असते. आपल्याकडच्या 'म्हणजे'लाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. स्वयंपाकाची कृती सांगताना ती सूचना गेली तर बिघडत नाही. पण धरणात गाव गेलेल्या आजींना विचारलं, "घर सोडायला तुम्ही तयार होता का?" आणि चार सेकंदांनी त्या "हो" म्हणाल्या, तर ते चार सेकंद हाच उत्तराचा अर्धा भाग आहे. ते काढले की नाइलाजाने दिलेला होकार खुशीचा होतो, आणि त्यांचा एकही शब्द आपण बदललेला नसतो. उघडी उडी प्रेक्षकाला एवढंच सांगते की इथून काहीतरी गेलं. काय गेलं, ते फक्त कापणाऱ्याला माहीत असतं. तिथे कात्री खाली ठेवायची.