घरातले हजारो फोटो: माणसे, गावे आणि प्रसंगांप्रमाणे लावून ठेवणे

भारतातून इस्रायलला येताना आपल्या पुष्कळ कुटुंबांनी फोटोंचे अल्बम बरोबर आणले. पुढे लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेवा इथले फोटो त्यांत पडत गेले. हे सगळे स्कॅन केले की चार-पाच हजार फाइली सहज होतात. त्यांना हाताने नावे देणे एका माणसाचे काम नाही. पण चेहरे ओळखणारा प्रोग्राम बरेचसे काम करून देतो.

प्रोग्राम चेहरा कसा ओळखतो

आधी तो फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधतो. मग त्या चेहऱ्याचे शेकडो आकड्यांच्या एका यादीत रूपांतर करतो. दोन याद्या एकमेकींच्या जवळ आल्या तर माणूस एकच असावा, असे तो धरतो. नाव त्याला ठाऊक नसते, ते आपण सांगायचे.

यासाठी चेहरा पुरेसा मोठा दिसायला हवा. समजा पाच इंच रुंद फोटोत लग्नाची मंडळी एका ओळीत बारा उभी आहेत. ३०० डीपीआयने स्कॅन केला तर फोटो १५०० पिक्सेल रुंद होतो, प्रत्येकाच्या वाट्याला १२५ येतात आणि चेहरा जेमतेम ५०-६० पिक्सेलचा भरतो. एवढ्यावर चुका फार होतात. ६०० डीपीआयने चेहरा दुप्पट मोठा मिळतो. म्हणून समूहाचे आणि लहान फोटो ६०० नेच स्कॅन करावेत.

कामाचा क्रम

digiKam हा फुकट प्रोग्राम घरच्याच कम्प्युटरवर चालतो. चेहरे ओळखायच्या फाइली सुरुवातीला एकदा उतरवून घ्याव्या लागतात, पुढे या कामाला इंटरनेट लागत नाही. People या भागात आधी चेहरे शोधायला सांगा. मग एकेका माणसाचे पाच-दहा स्वच्छ चेहरे निवडून नाव द्या आणि नंतर ओळखायला लावा. तो सुचवील ती नावे Unconfirmed मध्ये दिसतात. ती पाहून मगच मान्य करा. एक चुकीचे नाव मान्य झाले की पुढचे अंदाजही त्याच वाटेने जातात. एखाद्या नावाखाली दोन बहिणी किंवा बाप-लेक एकत्र दिसू लागले, तर हेच झाले आहे असे समजा.

बालपणचा आणि म्हातारपणचा चेहरा बहुधा दोन वेगळी माणसे म्हणून येतात. ते आपणच एका नावाखाली आणायचे. रिबका, सारा, शालोम अशी नावे एकाच घरात दोन-तीनदा येतात, म्हणून नावाला माहेरचे आडनाव किंवा गाव जोडा: "रिबका पेणकर, माहेर नवगाव".

गाव आणि प्रसंग यांत प्रोग्रामची मदत कमी होते. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद असू शकते, स्कॅनमध्ये नसते. शिवाय स्कॅन केल्याचा दिवसच फोटोची तारीख म्हणून दिसतो, त्यामुळे १९६० सालची मेंदी परवाच्या फोटोंत जाऊन बसते. यावर सोपा उपाय म्हणजे अल्बमच्या पानांप्रमाणे फोल्डर करून पूर्ण फोल्डरला एकदमच "स्थळ/अलिबाग", "प्रसंग/मलिदा" अशी टॅग आणि अंदाजे साल देणे. साल अंदाजे असेल तर तसेही टॅगमध्ये लिहा, नाहीतर पुढची पिढी १ जानेवारी ही खरीच तारीख समजेल.

खाजगीपणाचा हिशेब

गूगल फोटोजसारख्या सेवेत हेच काम कमी कष्टात होते आणि परदेशातल्या नातलगांनाही फोटो शोधता येतात. पण मग सगळे फोटो कंपनीकडे जातात आणि चेहऱ्यांचे आकडेही तिथेच तयार होतात. त्यांत शेजारी, पाहुणे, इतरांची मुले असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. चेहरे जुळवण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, पण मग माणसांप्रमाणे शोधही बंद होतो.

घरच्या कम्प्युटरवरही एक धोका आहेच. नावे फाइलच्या आत लिहिलेली असली तर ती फाइलबरोबर प्रवास करतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मतारीख हे तर ओळख पटवताना विचारले जाणारे प्रश्न. टॅगमध्ये नेमके तेच लिहिलेले असते.

म्हणून मूळ फोटो घरी नावांसकट ठेवा आणि बाहेर द्यायची प्रत वेगळी काढा. ExifTool ने फोटोंच्या फोल्डरमधून हे असे होते:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation -o share/ *.jpg
```

share फोल्डरमध्ये नावे, तारीख, जागा काढलेल्या प्रती पडतात. फोटो सुलटा दिसावा एवढीच नोंद राहते. मूळ फाइलींना हात लागत नाही. फाइलच्या नावातच कुणाचे नाव असेल तर ते मात्र तसेच राहते, ते आधी बदला.

हयात माणसांची आणि मुलांची पूर्ण नावे घरच्या प्रतीतच ठेवावीत. जुन्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांची नावे मात्र घरच्यांना विचारून बाहेरच्या प्रतीतही राहू द्या. "Unknown" मध्ये उरलेले चेहरे ओळखणारे कोणी दुसऱ्या घरात असेल, तर त्यांच्यापर्यंत फोटो पोहोचवण्याची तीच वाट आहे.