वीट, गल्ली आणि गटार

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीसारख्या सातपुड्यातल्या गावी घरे पाड्यापाड्यांत, एकमेकांपासून अंतर राखून असतात. सांडपाणी परसात जिरते, त्याची शेजाऱ्याला अडचण होत नाही. घरे भिंतीला भिंत लावून उभी राहिली, की मात्र पाण्याचा प्रश्न एका घराचा राहत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्यातल्या नगरांपुढे हाच प्रश्न होता. आखीव रस्ते, झाकलेली गटारे आणि एका प्रमाणाच्या विटा पाहून ‘तिथे नागरी शिस्त होती’ असे आपण वर्गात सांगतो. पण या तिन्हींपैकी कोणता पुरावा किती भक्कम आहे?

आधी वीट घेऊ. मोहेंजोदडोची भाजलेली वीट साधारण २८ सेंटिमीटर लांब, १४ रुंद आणि ७ जाड असते, म्हणजे ४:२:१ हे प्रमाण. त्याचा उपयोग गवंडी लगेच सांगेल. दोन विटा शेजारी आडव्या ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी भरते. त्यामुळे एका थरात विटा उभ्या आणि पुढच्या थरात आडव्या लावता येतात. सांध्यावर सांधा येत नाही आणि भिंत फुटत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचे लहान ठोकळे करून मुलांना हे करून पाहता येईल.

मग ही शिस्त राज्यकर्त्यांनी लावली असे म्हणायचे का? इथे आपल्याच प्रवरेकाठचे दायमाबाद उपयोगी पडते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या या गावी उत्तर हडप्पा काळातले एक दफन सापडले. त्याचा खड्डा कच्च्या विटांनी बांधून काढलेला होता, आणि त्या विटाही ४:२:१ प्रमाणाच्याच होत्या. दायमाबादला मोहेंजोदडोसारखे आखीव रस्ते किंवा गटारांचे जाळे मात्र सापडलेले नाही. म्हणजे विटेचे प्रमाण कारागिरांच्या हातातून, साच्यातून प्रवास करू शकते. त्यासाठी नगरव्यवस्था सोबत यावीच लागते असे नाही. आमच्या मते तिन्हींत वीट हा सर्वांत कच्चा पुरावा आहे.

गल्लीचे तसे नाही. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे १९५५ मध्ये उत्खनन करणारे बी. के. थापर पुढे १९६० च्या दशकात बी. बी. लाल यांच्याबरोबर राजस्थानातल्या कालीबंगन येथे होते. प्रकाशाला ताम्रपाषाण काळातली रंगीत भांडी व दगडी पाती मिळाली. कालीबंगनला सगळे नगरच उलगडले. तिथल्या रस्त्यांच्या रुंदी १.८, ३.६, ५.४ आणि ७.२ मीटर आहेत. प्रत्येक आकडा १.८ च्या पटीत! विटेचे प्रमाण पाळण्यात गवंड्याचा फायदा असतो. रस्त्याची रुंदी पाळण्यात मात्र घरमालकाचे नुकसानच, कारण ओटा हातभर पुढे घेतला तर जागा वाढते. (आपल्या बाजारपेठेत याचे उदाहरण शोधावे लागत नाही.) घरे पुन्हापुन्हा बांधली जाऊनही रस्त्याची रेषा टिकते, तेव्हा ती टिकवणारे कोणीतरी असले पाहिजे. मग ते पंच असोत, मोहल्ला असो की अधिकारी.

गटार याहून बोलके आहे. मोहेंजोदडोत घरातले पाणी भिंतीतल्या नळीतून किंवा पन्हळीतून रस्त्याकडेच्या विटांच्या गटारात पडे. वरून विटांचे किंवा दगडी फरशीचे झाकण असे आणि मधूनमधून गाळ बसण्यासाठी खड्डे असत. असे गटार एकट्या घराला बांधता येत नाही, कारण उतार सगळ्या गल्लीला मिळून एकच धरावा लागतो. शिवाय बांधून काम संपत नाही. गाळ उपसला नाही तर गटार काही काळातच तुंबते. उत्खनन करणाऱ्या मॅके यांना गटारांच्या कडेने हिरवट-करड्या वाळूचे लहान ढीग दिसले. झाकणे उघडून गाळ बाहेर काढला आणि तिथेच टाकून दिला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. ज्यांनी तो उपसला त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्या लिपीचे वाचनही अजून सर्वमान्य झालेले नाही.

सर्व नगरांत हीच सोय होती असे मात्र समजू नये. कालीबंगनला रस्ते इतके काटेकोर, पण रस्त्याकडेच्या गटारांचे जाळे नव्हते. घरांचे सांडपाणी रस्त्यात पुरलेल्या मोठ्या रांजणांत सोडून जिरवत. म्हणजे रस्त्याची शिस्त आणि पाण्याची शिस्त एकाच साच्यातून आली नव्हती.

ही व्यवस्था सैल पडली तेही मातीतच दिसते. मोहेंजोदडोच्या वरच्या, म्हणजे शेवटच्या थरांत मोठ्या घरांचे तुकडे करून लहान खोल्या पाडलेल्या आढळतात, भिंती रस्त्यावर सरकतात, आणि एके ठिकाणी तर कुंभाराची भट्टी थेट रस्त्यातच मांडलेली आहे.