उत्तर असूनही सूत्र नाही

भाईंदरच्या एका क्लासमध्ये y = x³ या वक्राची ० ते १ लांबी काढायला दिली होती. रात्री उशिरापर्यंत बसलो, जमलं नाही. वाटलं, आपलंच चुकतंय.

मांडणी तर सोपी. वक्राचे इतके बारीक तुकडे करायचे की प्रत्येक सरळच वाटेल. मग पायथागोरसने एका तुकड्याची लांबी √(1 + y′²) dx येते आणि त्यांची बेरीज म्हणजे इंटिग्रल.

देकार्तने १६३७ मध्ये लिहिलं होतं की वक्र आणि सरळ रेषेचं नेमकं प्रमाण माणसाला कळणार नाही. वीस वर्षांनी विल्यम नील या इंग्रज पोराने y = x^(3/2) ची लांबी काढून दाखवली! तिथे y′² = 9x/4, म्हणजे मुळाखाली x चा पहिलाच घात. ते सुटतं.

आमच्या गणितात मात्र √(1 + 9x⁴) उरतं. बाहेर x³ असता तर आदेश घालून सुटलं असतं, पण तो नाही. हे इंटिग्रल दीर्घवृत्ताच्या लांबीच्या जातीचं. घात, मुळं, लॉग, साइन वापरून ते लिहिताच येत नाही. अशा इंटिग्रलांबद्दल हे सिद्ध करण्याचा मार्ग १८३०च्या दशकात लिऊव्हिल यांनी दाखवला.

लांबी अर्थातच आहे. तुकडे मोजत गेलं की सुमारे १.५४८ येते. दोन टोकं सरळ जोडली तर १.४१४, त्याहून थोडी जास्त.