ह्युएन त्संगचा महाराष्ट्र आणि यंत्राचा मसुदा

आज एकाच उताऱ्याबद्दल बोलणार आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इ.स. 641 च्या सुमारास आपल्याकडे आला आणि 646 मध्ये त्याचं प्रवासवर्णन पूर्ण झालं. त्यातलं महाराष्ट्रावरचं प्रकरण जेमतेम दोन पानांचं आहे. आपल्यापर्यंत ते आलं मुख्यतः इंग्रजीतून, म्हणजे 1884 च्या सॅम्युएल बील यांच्या अनुवादातून. ठाणे-डोंबिवलीतल्या आम्हा चौघांनी ठरवलं की मूळ चिनी मजकूर यंत्राला द्यायचा, मराठी मसुदा घ्यायचा आणि तो मुळाशी ताडून दुरुस्त करायचा. चौघांपैकी दोघांना चिनी येत होतं. ते नसतं तर हा उद्योग करूच नये.

पहिला मसुदा वाचला आणि आम्ही खूश झालो. छान, सरळ मराठी होतं. घोळ तिथेच होता! मोडकंतोडकं वाक्य दिसलं की माणूस थबकतो. गुळगुळीत वाक्यावरून नजर घसरून जाते.

एक उदाहरण घ्या. इथले लोक रणांगणात शत्रूचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत, असं ह्युएन त्संग सांगतो. मसुद्यात होतं, ‘ते उत्तरेकडे पाठलाग करतात’. मूळ शब्द ‘बेइ’. आजच्या चिनीत त्याचा अर्थ उत्तर, जुन्या चिनीत मात्र पराभूत होऊन पळणारा, असाही. आता हर्ष उत्तरेचाच राजा, त्यामुळे चूक अगदी पटण्यासारखी! पुढे, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांची वस्त्रं देतात, आणि तो ‘कृतज्ञतेने’ प्राण देतो, असं मसुदा म्हणे. ‘गान्जी’ म्हणजे आज कृतज्ञ. तेव्हा त्या शब्दात मनाचा क्षोभ होता. तो माणूस अपमानाने पेटून मरतो.

पण सगळ्यात मोठी चूक पुढे होती. मूळ मजकूर म्हणतो, फक्त या देशाचे लोक शीलादित्याला शरण गेले नाहीत. पुढच्या वाक्यात कर्ताच नाही, जुन्या चिनीत तो असा सर्रास गाळतात. यंत्राने मागचा कर्ता उचलला, आणि पाच भारतांचं सैन्य घेऊन वारंवार चाल करणारे महाराष्ट्राचेच लोक ठरले! खरं तर चाल करतोय हर्ष, आणि तरी त्याला जय मिळालेला नाही. त्या ‘नाही’साठी मुळात एकच अक्षर आहे, ‘वेइ’. ते निसटलं की इतिहास उलटा. शंका आली ती ऐहोळेच्या शिलालेखामुळे. शके 556, म्हणजे इ.स. 634 चा तो लेख. त्यात रविकीर्ती हर्षाच्या पराभवाबद्दल सांगतो. मात्र लेखामुळे फक्त शंका घ्यायची. दुरुस्ती चिनी वाक्य पाहूनच करायची.

यावरून आम्ही क्रम ठरवला. पहिल्या फेरीत फक्त चार गोष्टी पाहायच्या: कोणी कोणाला केलं, ‘नाही’ कुठे आहे, आकडे, आणि विशेषनामं. भाषेला हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. दुसऱ्या फेरीत ‘बेइ’सारखे अर्थ बदललेले शब्द. शैलीचं मग, तेही वाचताना अडखळलं तरच. पूर्वी आम्ही पहिल्याच ओळीतलं ‘सुपीक’ की ‘कसदार’ यावर अर्धा तास घालवायचो आणि शेवटच्या ओळीपर्यंत दमून जायचो. आणि खरी चूक तर पुढेच होती.

नावांचा तक्ता काम सुरू करण्याआधीच हवा. शीलादित्याचं नाव चिनीत अर्थाने आलंय: ‘जिये’ म्हणजे शील, ‘र’ म्हणजे सूर्य. यंत्राने एकदा ‘व्रतदिन राजा’ केलं, एकदा नुसतं ‘जिएरी’. पुलकेशी मात्र ध्वनीने आलाय, ‘बू-लुओ-जी-श’. एकच माणूस चौघांच्या कामात चार नावांनी फिरू नये, म्हणून प्रत्येक नावाचं चिनी रूप, ठरलेलं मराठी रूप आणि कोणी ठरवलं, एवढं आम्ही लिहून ठेवलं. अंतराचा ‘ली’ तसाच ठेवला. किलोमीटर केले असते तर मुळात नसलेली अचूकता आली असती. आणि ‘सहा हजारांहून अधिक ली’ यातलं ‘अधिक’ यंत्र गाळतं, तेवढं बघायचं.

एक भांडण सांगतो. राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी आहे, असं मजकुरात आहे. शहराचं नाव नाही. आमच्यातले कल्याणचे एकजण म्हणाले, उल्हास नदी, म्हणजे आमचं कल्याण, कंसात लिहून टाकू. अभ्यासकांत त्या राजधानीबद्दल मतभेद आहेत. कंस आम्ही घातला नाही. ते अजून रागावलेलेच आहेत.