पीएसए वाढलं? घाबरण्याआधी दोन गोष्टी तपासा : रक्त कधी काढलं आणि नमुना लॅबपर्यंत कसा गेला

खामगाव : लघवीला वारंवार जावं लागतं, धार बारीक झाली, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. अशी तक्रार घेऊन साठीच्या पुढचा माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर सोनोग्राफीसोबत बहुतेक वेळा 'पीएसए' नावाची रक्ताची तपासणी लिहून देतात. रिपोर्टवर आकडा ठळक छापून येतो, बाजूला 'हाय' लिहिलेलं असतं आणि घरात कॅन्सरची चर्चा सुरू होते. पण हा आकडा कॅन्सर नसतानाही वाढतो. रक्त काढण्याआधीच्या दिवसांत काय घडलं आणि नमुना मशीनवर लागेपर्यंत कुठं, किती वेळ राहिला, यावरही तो बदलतो. हे नीट समजून घेऊ.

पीएसए म्हणजे काय?

पुरुषांच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. वीर्य पातळ ठेवण्यासाठी ही ग्रंथी एक प्रथिन तयार करते, तेच पीएसए. ते बहुतेक वीर्यातच जातं, रक्तात अगदी थोडं उतरतं. ग्रंथीला सूज आली, धक्का लागला, वयाप्रमाणे ती मोठी झाली किंवा तिच्यात गाठ झाली, की रक्तात जास्त उतरतं. म्हणजे पीएसए ही प्रोस्टेटची खूण आहे, फक्त कॅन्सरची नाही.

एक मिलीलीटर रक्तात 4 नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा साधारण ठीक मानण्याची जुनी पद्धत आहे. वयाप्रमाणे ही रेघ सरकते. पन्नाशीतल्या माणसासाठी ती साडेतीनच्या आसपास, साठीत साडेचारच्या आसपास, तर सत्तरीत साडेसहापर्यंत धरली जाते. त्यामुळे 72 वर्षांच्या आजोबांचा 5 आणि 52 वर्षांच्या मुलाचा 5 हे सारखे नाहीत.

फ्री आणि टोटल : बैलांचा हिशेब

रक्तातलं बरंचसं पीएसए दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, थोडं मोकळं फिरतं. बाजारात काही बैल गाडीला जुंपलेले आणि काही मोकळे असतात, तसं समजा. सगळे मिळून मोजले की 'टोटल पीएसए', फक्त मोकळे मोजले की 'फ्री पीएसए'. फ्रीला टोटलने भागून शंभराने गुणलं की टक्केवारी मिळते. रिपोर्टवर तिला 'रेशो' म्हणतात.

कॅन्सरच्या पेशींमधून आलेलं पीएसए जास्त करून जुंपलेलं असतं. त्यामुळे मोकळ्याची टक्केवारी कमी असेल तर संशय वाढतो, जास्त असेल तर वयाने मोठी झालेली साधी ग्रंथी असण्याची शक्यता वाढते. 1998 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 50 ते 75 वयाचे, टोटल 4 ते 10 असलेले आणि बोटाने तपासल्यावर ग्रंथी कॅन्सरची न वाटणारे पुरुष घेतले होते. ज्यांचा रेशो 10 टक्के किंवा त्याखाली होता, त्यांच्यात शंभरातल्या 56 जणांना कॅन्सर निघाला. ज्यांचा 25 टक्क्यांच्या वर होता, त्यांच्यात शंभरातल्या फक्त 8 जणांना.

इथं दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. हा रेशो 4 ते 10 या मधल्या पट्ट्यासाठीच कामाचा आहे. टोटल 30 आलं असेल तर रेशो चांगला आहे म्हणून निवांत बसता येत नाही. आणि 25 टक्क्यांच्या वर गेलं तरी धोका शून्य होत नाही, कमी होतो एवढंच.

रक्त काढण्याआधी काय घडलं?

आकडा फुगवणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लघवीचा जंतुसंसर्ग किंवा ग्रंथीची सूज. थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ झाली, तर पीएसए कित्येक पट वर जाऊ शकतं. गोळ्या घेऊन ताप उतरला तरी आकडा लगेच खाली येत नाही, सूज ओसरायला आठवडे लागतात. म्हणून संसर्ग बरा झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबून मगच तपासणी करावी.

लघवी तुंबली आणि नळी घालावी लागली, तरी हेच होतं. दुर्बिणीने तपासणी, ग्रंथीचा तुकडा काढणं किंवा ग्रंथीचं ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतरही सहा आठवडे थांबतात. लघवी तुंबली म्हणून भरती झालेल्या पेशंटचं त्याच दिवशी पीएसए काढलं, तर तो आकडा ग्रंथीच्या त्या दिवसाच्या त्रासाचा असतो.

छोटी कारणंही आहेत. रक्त काढण्याआधीचे दोन दिवस, म्हणजे 48 तास, शरीरसंबंध टाळावा. तेवढेच तास लांब सायकल चालवणं आणि अंग मोडणारी मेहनत टाळावी. बाजाराच्या दिवशी आठ-दहा किलोमीटर सायकल हाणत खामगावात यायचं आणि उतरल्या उतरल्या रक्त द्यायचं, असं करू नका. गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासल्याने टोटल फारसं वाढत नाही, पण फ्री थोडं हलू शकतं. म्हणून आधी रक्त, मग ती तपासणी, हा क्रम बरा. या तपासणीला उपाशी यायची गरज नाही.

उलट, काही गोळ्या आकडा लपवतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी आटवणारी औषधं सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए जवळपास निम्मं होतं. म्हणजे रिपोर्टवर 3 दिसलं तर ते 6 समजून वाचावं लागतं. बऱ्याच पेशंटना टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकाच गोळीत मिळतं आणि आपण हे औषध घेतो हेच त्यांना माहीत नसतं. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. नुसतं टॅमसुलोसिन असेल तर आकड्यात फरक पडत नाही.

नमुना लॅबपर्यंत कसा गेला?

ही बाजू सहसा कुणी विचारत नाही, पण आपल्या तालुक्यांसाठी ती महत्त्वाची आहे. गावातल्या किंवा तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त काढतात आणि बरेचदा नमुना दूरच्या शहरातल्या लॅबला जातो.

बाहेर काढलेल्या रक्तात फ्री पीएसए लवकर नासतं, जुंपलेलं त्यामानाने टिकतं. मोकळे बैल आधी पळून जातात, असं म्हणा. त्यामुळे टोटल फारसं बदलत नाही, पण फ्री घटतं आणि रेशो खोटाच खाली येतो. पेशंटला कॅन्सरचा संशय लागतो, आणि दोष असतो गरम डब्यात पडून राहिलेल्या नळीचा. एप्रिल-मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ही भीती जास्त.

बरोबर पद्धत अशी. रक्त काढल्यावर अर्धा-पाऊण तास ते गोठू द्यायचं. मग मशीनवर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करायचं. हे सगळं काढल्यापासून तीन तासांच्या आत व्हायला हवं. त्यानंतर सिरम फ्रिजच्या थंडीत ठेवून 24 तासांत तपासायचं. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर गोठवून, बर्फाच्या डब्यातून पाठवायचं. म्हणून रेशो काढायचा असेल तर रक्त देण्याआधी सेंटरवर सरळ विचारा : "भाऊ, सिरम इथंच वेगळं करता का? गाडी किती वाजता निघते?" संध्याकाळपर्यंत अख्खं रक्त तसंच ठेवतो असं उत्तर आलं, तर दुसरीकडे रक्त दिलेलं बरं.

दोन वेगळ्या लॅबचे आकडेही एकमेकांशी ताडू नका. किट वेगळी असली की एकाच रक्ताचा आकडा वीस-पंचवीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. दरवेळी तीच लॅब, तीच पद्धत ठेवा.

एक उदाहरण धरून चालू

समजा, खामगाव तालुक्यातले 64 वर्षांचे एक शेतकरी आहेत. टोटल आलं 7.8, फ्री 0.94. 0.94 भागिले 7.8, गुणिले 100, म्हणजे 12 टक्के. वरच्या अभ्यासात 10 ते 15 टक्क्यांच्या गटात शंभरातल्या 28 जणांना कॅन्सर निघाला होता. घरचे लोक हादरले.

डॉक्टरांनी मागचं विचारलं. दोन आठवड्यांपूर्वी जळजळ आणि ताप येऊन गेला होता. रक्त सकाळी अकराला काढलं आणि अख्खीच नळी संध्याकाळच्या गाडीने गेली होती. म्हणजे सुजेने टोटल वर गेलं असणार, उशिराने फ्री खाली आलं असणार. दोन्ही चुका एकाच दिशेने, भीतीकडे.

बोटाने तपासलं तर ग्रंथी मोठी पण मऊ होती. लघवीची तपासणी साफ झाल्यावर सात आठवड्यांनी परत रक्त काढलं, सिरम तासाभरात वेगळं केलं, थंड ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं. टोटल 4.9, फ्री 1.18, रेशो 24 टक्के. त्याच अभ्यासात 20 ते 25 टक्क्यांच्या गटात हे प्रमाण शंभरात 16 होतं. धोका पार गेला नाही, पण घाईने तुकडा काढण्याचं कारण उरलं नाही. सहा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए, आणि आकडा चढतच राहिला तर एमआरआय, असा बेत ठरतो.

पण याचा उलटा अर्थ काढू नका

नीट जपून केलेली दुसरी तपासणीही वरच आली, तर तिसरी-चौथी करत वेळ घालवू नका. संसर्ग सापडला नसताना नुसता आकडा उतरवायला अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका. आणि बोटाला ग्रंथी दगडासारखी टणक किंवा खडबडीत लागली, लघवीतून रक्त आलं, पाठीच्या मणक्यात किंवा कमरेच्या हाडात सतत दुखू लागलं, तर सहा आठवडे थांबायचं नाही. आकडा कितीही असो, लगेच खामगावच्या सामान्य रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जनला दाखवा.

रिपोर्ट दाखवायला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या : मागच्या दोन महिन्यांत ताप, जळजळ किंवा नळी घातली होती का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त किती वाजता काढलं आणि सिरम कधी वेगळं केलं, आणि याआधीचे पीएसएचे आकडे कोणत्या लॅबचे. एवढं हाती असलं की आकड्याचा खरा अर्थ लावायला डॉक्टरांना सोपं जातं.